मखराच्या नऊ सांध्यांसाठी थ्रीडी प्रिंटर घ्यावा का?

*गणपतीसाठी घडीचं मखर करतोय. वायरिंगचे २५ मिमी पीव्हीसी पाइप, ९० सेंटिमीटरचा चौकोन, वर ४० सेंटिमीटर उंचीचं उतरतं छप्पर. सांधे नऊ लागतात: खाली चार, छपराच्या कडेला चार, शिखरावर एक. तिरके सांधे बाजारात मिळत नाहीत. गावातला एक जण थ्रीडी प्रिंट करून देतो. ग्रॅममागे ७ रुपये, किमान बिल ३०० रुपये, दोन-तीन दिवस लागतात. नवा प्रिंटर २४,००० ला मिळतोय. मुलगी नववीत आहे, दोघांनाही शिकायची हौस आहे. घेऊन टाकू का?*
*– एक वाचक, सातारा*

या वर्षी घेऊ नका. हे मखर बाहेरून छापून घ्या, पण सांध्यांचं चित्र स्वतः काढा. दुकानदाराला ‘असं काहीतरी करून द्या’ म्हणून फोटो दाखवलात तर पैसेही जातील आणि शिकणंही होणार नाही.

आधी हिशेब. सांध्याचा एक कप, म्हणजे ज्यात पाइप बसतो ती नळी, आतून साधारण २५.५ मिमी, ३ मिमी जाड आणि ३५ मिमी खोल धरा. पीईटीजी या प्लास्टिकची घनता १.२७ आहे, त्यामुळे असा एक कप १२ ग्रॅमच्या आसपास भरतो. मधला गाभा जाळीदार छापला तरी १५ ग्रॅम घेतो. म्हणजे तीन कपांचा सांधा ५० ग्रॅम आणि चार कपांचा ६३. सपोर्टचं, म्हणजे छापून झाल्यावर तोडून टाकायच्या टेकूंचं, प्लास्टिक आणखी पंधरा टक्के धरलं तर नऊ सांध्यांचे ६०० ग्रॅम होतात. तुम्हाला सांगितलेल्या दराने ४,२०० रुपये.

त्यातले चार सांधे छापायचेच कशाला? खालचे चार कोपरे काटकोनी आहेत आणि मखर बहुधा पाटावर किंवा प्लायवर उभं राहणार. सुताराकडून ३० मिमी जाडीचे चार लाकडी ठोकळे घ्या, प्रत्येकात पाइप सैल बसेल एवढं भोक पाडा, खालून दोन स्क्रूंनी प्लायला आवळा आणि उभे पाइप त्यात उभे करा. प्लास्टिकपेक्षा हे पक्कं होतं. प्लायच तळाला धरून ठेवतं, त्यामुळे खालचे आडवे पाइपही वाचतात. थ्रीडी प्रिंटिंगची हौस लागली की माणूस बिजागरीसुद्धा छापायला जातो, म्हणून हे आधीच सांगितलं. आता उरले पाच सांधे, सगळे चार कपांचे. सपोर्टसह ३७० ग्रॅमच्या आत, म्हणजे २,६०० रुपयांच्या आसपास. त्यात चाचणीचं एक किमान बिल मिळवा: २,९००. एखादा सांधा चुकून पुन्हा करावा लागला तर ३,४००. जीएसटी वेगळा आहे का आणि सपोर्टचं वजन धरतात का, हे दोन प्रश्न दर ठरवतानाच विचारा. काही जण तयार वस्तूच्या वजनावर पैसे घेतात, काही एकूण खर्च झालेल्या फिलॅमेंटवर, म्हणजे प्रिंटरला लागणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्यावर.

दुसऱ्या बाजूला प्रिंटरचे २४,०००. त्यावर चांगली कटर-पक्कड, जादा नोझल, फिलॅमेंट सुकवायची पेटी आणि सिलिका जेल यांचे अडीच हजार धरा. पीईटीजीचं एक किलोचं रीळ १,२०० ला मिळालं तर प्लास्टिक ग्रॅममागे १ रुपया २० पैसे पडतं. वीज आणि वाया गेलेले तुकडे मिळून ३० पैसे. म्हणजे घरी छापलेल्या प्रत्येक ग्रॅमवर साडेपाच रुपये वाचतात. गुंतवलेले २६,५०० या गतीने भरून यायला ४ किलो ८०० ग्रॅम माल छापावा लागेल, म्हणजे अशी तेरा मखरं. दोन वर्षांनी प्रिंटर अर्ध्या किमतीला विकला गेला असं धरलं तरी २ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे सात मखरं. घरी लागणारा तुमचा वेळ यात धरलेलाच नाही.

तेव्हा पैशांच्या बाजूने प्रश्न मिटला. पण प्रिंटर घेणारे बहुतेक लोक ग्रॅममागचे साडेपाच रुपये वाचवायला घेत नाहीत. ते घेतात थांबावं लागू नये म्हणून. सांध्याचा एक नमुना बाहेर करायचा तर पाचशे रुपये आणि तीन दिवस. घरी शंभर-सव्वाशे रुपये आणि साडेतीन-चार तास. असे दहा नमुने लागणार असतील तर बाहेर महिना जातो आणि तोवर गणपती येऊन जातात. म्हणून खरा सवाल किती ग्रॅम लागतील हा नाही. किती वेळा बदलून बघावं लागेल हा आहे. तुमच्या मखरात ही संख्या दोन-तीनवर आणता येते. कशी, ते आता सविस्तर.

पाइप मोजा

सांधा चुकतो तो बहुतेक दोन ठिकाणी: भोकाचा व्यास आणि छपराचा कोन.

पाइपवर २५ छापलेलं असलं तरी तो नेमका २५ नसतो, आणि गुंडाळून किंवा उन्हात ठेवलेला असेल तर गोलही नसतो. व्हर्नियर कॅलिपर घ्या. प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांना, एकमेकांना काटकोनात दोन-दोन मापं घ्या आणि सर्वांत मोठं माप लिहून ठेवा. पाइप आरीने कापला असेल तर टोकाला राहिलेली खरखरीत धार आधी पट्टीने खरवडा, नाहीतर मोजताना तीच मोजली जाते.

दुसरी अडचण यंत्राची. वितळलेल्या प्लास्टिकचा धागा गोलात फिरवला की तो थोडा आतल्या बाजूला ओढला जातो, म्हणून छापलेलं भोक काढलेल्या मापापेक्षा लहान येतं. फरक साधारण एक ते चार दशांश मिमी, आणि तो यंत्रागणिक बदलतो. त्यात आणखी एक गोम: नळी उभी छापली तर भोक गोल येतं, आडवी छापली तर भोकाचं छत अधांतरी असल्यामुळे थोडं लोंबतं आणि वरून अरुंद होतं. तुमच्या सांध्यात एक कप उभा, दोन आडवे, एक तिरका. एकाच मापाने चारही कप काढले तर एकात पाइप खडखडेल आणि दुसऱ्यात शिरणारच नाही.

यावर उपाय चाचणीच्या कड्यांचा. OpenSCAD हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या; त्यात आकार माउसने ओढायचा नसतो, मापं लिहून सांगायचा असतो. हे जसंच्या तसं टाइप करा:

```
bhok = [25.2, 25.4, 25.6, 25.8, 26.0];
for (i = [0:4])
  translate([i*36, 0, 0])
    difference() {
      cylinder(d = bhok[i] + 6, h = 8, $fn = 120);
      translate([0, 0, -1])
        cylinder(d = bhok[i], h = 10, $fn = 120);
      for (k = [0:i])
        rotate(k*20)
          translate([(bhok[i] + 6)/2, 0, 4])
            cube([1.5, 1.5, 10], center = true);
    }
```

F6 दाबलं की पाच कडी तयार होतात. मग F7 दाबून एसटीएल फाइल जतन करा. शेवटच्या कंसाआधीच्या चार ओळी कड्याच्या बाहेरच्या अंगाला खाचा पाडतात: २५.२ च्या कड्याला एक, २५.४ च्या कड्याला दोन, असं करत २६ च्या कड्याला पाच. या खाचा नसतील तर दुकानातून पिशवीत आलेली पाच कडी बघून कुठलं कोणतं ते डोळ्यांना कळत नाही.

याच्या जोडीला आडव्या नळीसाठी तीन कडी हवीत. वरच्या कोडमध्ये मापं `[25.4, 25.6, 25.8]` करा, `[0:4]` च्या जागी `[0:2]` लिहा, पहिल्या `h` ला 15 आणि दुसऱ्याला 17 द्या. खाच पूर्ण उंचीची व्हावी म्हणून `translate` मधला शेवटचा 4 बदलून 7.5 करा आणि `cube` मधला 10 बदलून 17. ही तीन कडी दुकानदाराला चाकासारखी धारेवर उभी करून छापायला सांगा. खाली टेकायला जागा कमी म्हणून तळाशी ब्रिम, म्हणजे पातळ झालर, लागेल. ती नंतर पात्याने निघते.

ही आठ कडी मिळून २८ ग्रॅमच्या आसपास होतात, म्हणजे दोनशे रुपयांचं काम. किमान बिल तुम्हाला तसंही ३०० पडणार, तेव्हा दोन्ही प्रकार एकाच वेळी द्या. फक्त एक अट घाला: कडी ज्या यंत्रावर आणि ज्या प्लास्टिकमध्ये छापली, त्याच यंत्रावर त्याच प्लास्टिकमध्ये सांधे छापायचे. दुसऱ्या यंत्रावर गेलं की ही चाचणी फुकट.

कडी आली की पाइपवर चढवून बघा. घट्ट बसणारं कडं निवडायचा मोह होईल, तो टाळा. हाताने सहज सरकतं पण हललं तर किंचितच खडखडतं, असं कडं तुमचं. मखर दरवर्षी जोडायचं-सोडायचं आहे. घट्ट बसवलेला कप कायम ताणाखाली राहतो आणि प्लास्टिक अशा ताणाने महिनोन्‌महिने हळूहळू पसरत जातं किंवा थरावर चिरतं. सैल बसवून कप आणि पाइप यांच्यातून आरपार ४.५ मिमीचं भोक घ्या आणि एम-४ बोल्ट पंखवाल्या नटाने आवळा. बोल्टची भोकं चित्रातच काढा. नंतर ड्रिल मारलं तर आतली जाळी उघडी पडते.

कोन

छपराचा तिरका पाइप कोपऱ्यातून निघून मध्यावर जातो. म्हणजे त्याचा पाया चौकोनाच्या अर्ध्या बाजूएवढा, ४५ सेंटिमीटर, नाही. अर्ध्या कर्णाएवढा आहे, ६३.६ सेंटिमीटर. उंची ४०. टॅन काढलं तर कोन ३२.२ अंश येतो. ४५ धरून काढला तर ४१.६ येतो, आणि ही चूक फार होते. कडेचे चारही सांधे नऊ अंशांनी चुकीचे छापून येतात आणि मधे पाइप एकमेकांना भेटतच नाहीत. कडेच्या सांध्यात तिरका कप वरच्या दिशेने ३२.२ अंश आणि शिखराच्या सांध्यात चारही कप तेवढेच खाली. पाइपची लांबी काढताना ७५.२ सेंटिमीटर हे दोन सांध्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर आहे हे विसरू नका. कपाचा तळ मध्यापासून किती दूर आहे ते दोन्ही टोकांना वजा करायचं.

एक रुपयाही न घालता हे तपासता येतं. जाड पुठ्ठ्यावर ६३.६ बाय ४० चा काटकोन त्रिकोण खऱ्या मापात काढा, कापा, पाइप त्यावर आडवा ठेवून बघा. नववीच्या भूमितीत त्रिकोणमिती येतेच, हा भाग मुलीकडे द्या. तुम्ही वेगळा काढा आणि उत्तरं जुळवा.

दुकानात काय लिहून द्यायचं

छापून देणारे सहसा पीएलए हे प्लास्टिक आणि पंधरा-वीस टक्के जाळी धरून चालतात. शोभेच्या मूर्तीला ते चालतं. मखराला पीएलए नको, कारण ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला सांधा पुढच्या वर्षी वाकडा निघू शकतो. पीईटीजी ८० अंशांपर्यंत टिकतं आणि काचेसारखं तुटत नाही. दिवे मात्र एलईडीच लावा. हॅलोजनचा फोकस जवळ असेल तर पीईटीजीसुद्धा सोडणार नाही.

थराची दिशाही तुम्हीच सांगायची. छापलेली वस्तू थर जिथे जुळतात तिथे सर्वांत कमजोर असते. उभा छापलेला कप बाजूने ओढला की मुळाशी सरळ रेषेत तुटतो, जणू कुणी कापलाय. कडेच्या सांध्यात सर्वांत जास्त ओढाताण आडव्या पाइपांवर होते, कारण पडदे आणि माळा त्यांनाच बांधतात. म्हणून ते दोन कप छापताना आडवेच राहिले पाहिजेत. उभ्या खांबाचा कप थरांच्या दिशेने उभा राहिला तरी चालेल, त्यावर भार वरून खाली येतो. शिवाय प्रत्येक कप गाभ्याला मिळतो तिथे ४ मिमी त्रिज्येची गोलाई काढा. धारदार कोपऱ्यातच चीर सुरू होते.

तर चिठ्ठी अशी: ‘पीईटीजी. थर ०.२ मिमी. भिंती ४. जाळी २५ टक्के, जायरॉइड. सोबतच्या चित्राप्रमाणे ठेवून छापा, फिरवू नका. माप मिलिमीटरमध्ये, लहानमोठं करू नका. कपाच्या आत सपोर्ट नको.’ माप मिलिमीटरमध्ये आहे हे सांगायलाच हवं, कारण एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं. इंचात काढलेला सांधा मिलिमीटर समजून उघडला तर तो २५ पटींनी लहान होतो. हे निदान लगेच लक्षात येतं. दुकानदाराने ‘प्लेटवर बसत नव्हतं म्हणून ९५ टक्के केलं’ हे मात्र पाइप घालायच्या वेळी कळतं. कपात सपोर्ट नको अशासाठी, की आतला सपोर्ट निघताना भिंतीला ओरखडे पाडतो आणि माप बिघडवतो. आडव्या कपाचं छत त्यामुळे थोडं लोंबेल, पण ते तुम्ही आडव्या कड्यांवर आधीच मोजलेलं आहे.

फाइल देण्याआधी PrusaSlicer फुकट उतरवून घ्या. कुठलाही साधा ०.४ मिमी नोझलचा प्रिंटर निवडा, चिठ्ठीतलीच मापं भरा आणि सांधा उघडून स्लाइस करा, म्हणजे त्याचे छापायचे थर पाडा. किती ग्रॅम आणि किती तास, दोन्ही पडद्यावर येतं. थर एकेक करून वर सरकवत नेलात तर सपोर्ट कुठे उभा राहतोय, कुठला भाग हवेत छापला जातोय, हे सगळं दिसतं. दुकानदाराचं वजन तुमच्यापेक्षा पाच-दहा टक्के जास्त आलं तर ठीक. दीडपट आलं तर त्याने सांधा वेगळ्या बाजूवर ठेवलाय आणि सपोर्ट वाढलाय असं समजा.

पाचही सांधे एकदम देऊ नका. कडेचा एक छापून घ्या, त्यात चारही पाइप घाला, कोन पुठ्ठ्याशी लावा. बरोबर आला तर तो पाचांपैकी एक झालाच, वाया काही गेलं नाही.

शिकण्याचं काय

या कामाचे तीन भाग आहेत आणि प्रिंटर त्यातल्या एकालाच लागतो. पहिला भाग चित्र काढण्याचा: OpenSCAD, किंवा ब्राउझरमध्ये चालणारं Tinkercad, किंवा पुढे जायचं असेल तर FreeCAD. तिन्ही फुकट. दुसरा भाग स्लाइस करण्याचा, म्हणजे वस्तू कशी ठेवायची, भिंती किती, सपोर्ट कुठे. तोही संगणकावरच होतो. या दोन भागांत चांगले चार-सहा महिने जातात आणि वस्तू चांगली झाली का वाईट हे बहुतेक इथेच ठरतं.

तिसरा भाग यंत्र चालवण्याचा. पहिला थर चिकटत नाही, नोझल तुंबतो, धागा सुटतो, मध्येच वीज जाते. हे बघून शिकता येत नाही, करावं लागतं. पण ते करायला यंत्र स्वतःचंच हवं असं नाही. मुलीच्या शाळेत नीती आयोगाच्या योजनेतली अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथे थ्रीडी प्रिंटर बहुधा असतो, आणि बऱ्याचदा तो झाकूनच ठेवलेला असतो, वर्गशिक्षकांना विचारा. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची जगातली पहिली. साताऱ्याहून एका दिवसात जाऊन येता येतं. आधी फोन करून त्यांचे वर्ग कधी असतात ते विचारा. तेही जमलं नाही तर तुमच्याच दुकानदाराला विनंती करा की पहिला सांधा लावताना तासभर उभं राहू द्या. प्लेट कशी पुसतो, पहिला थर कसा बघतो, एवढं जरी पाहिलंत तरी यंत्र घ्यायची तुमची इच्छा वाढते की आटते ते कळेल.

सातारा आणि गणपती या दोन्हींमुळे एक अडचण खास तुमची आहे. मखराचं काम जुलै-ऑगस्टमध्ये येतं, भर पावसात. पीईटीजी हवेतली ओल शोषतं. ओलं फिलॅमेंट गरम नोझलमधून जाताना आतलं पाणी उकळतं, बारीक तडतड ऐकू येते, वस्तूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात, पृष्ठभाग धुरकट-खरखरीत होतो आणि थर नीट जुळत नाहीत. रीळ ६५ अंशांवर सहा तास सुकवून, सिलिका जेलसह बंद डब्यातून थेट यंत्राला द्यावं लागतं. नवशिक्याचा पहिला पावसाळा बहुतेक याच्याशी झगडण्यात जातो, आणि दोष आपल्या सेटिंगचा आहे असं समजून तो सेटिंग बदलत बसतो. शिवाय वीज. पाच सांधे म्हणजे अठरा-वीस तासांची छपाई. वीज परत आल्यावर पुढे चालू करण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते, पण तोवर प्लेट गार झाली तर वस्तू प्लेटवरून सुटते. घरात इन्व्हर्टर नसेल तर पावसाळ्यात लांबलचक छपाई लावणं म्हणजे जुगार.

प्रिंटर घ्यायचा दिवस कसा ओळखायचा, तेही सांगतो. वहीत एक पान करा. मखर झाल्यावर पुढे ज्या वस्तू छापाव्याशा वाटतील त्या लिहा, पण नुसती नावं नकोत. चित्र काढून, स्लाइस करून, ग्रॅमसह. दिवाळीपर्यंत पानावर अशा पाच-सहा फाइली तयार असतील आणि त्यातल्या निदान तीन दुकानाच्या फेऱ्यांमुळे अडलेल्या असतील तर यंत्र घ्या, तेरा मखरांचा हिशेब विसरून. पान कोरंच राहिलं तर २४,००० रुपये वाचले.

घ्याल तेव्हा प्लेटची पातळी आपोआप मोजणारं, पीईआय या प्लास्टिकचा खरखरीत थर दिलेल्या पत्र्याची प्लेट असलेलं यंत्र घ्या. गुळगुळीत पीईआयवर पीईटीजी इतकं घट्ट चिकटतं की काढताना पत्र्याचा थर सोलून निघतो. तिथे आधी ग्लू स्टिक फिरवावी लागते. कमी पैशात मिळतंय म्हणून कुणाचं जुनं, हाताने स्क्रू पिळून पातळी लावायचं यंत्र उचलू नका. त्यावर शिकाल ते यंत्रदुरुस्तीचं असेल. रेझिनच्या प्रिंटरकडे तर या कामासाठी बघूच नका: वास, हातमोजे, अल्कोहोलने धुणं, आणि साध्या रेझिनचा सांधा पडला की टवका उडतो.

कामाला चतुर्थीच्या सहा आठवडे आधी लागा. कडी पहिल्या आठवड्यात, एक सांधा तिसऱ्यात, उरलेले चार पाचव्यात. त्याहून उशीर केलात तर दुकानांकडे सजावटीच्या कामांची रांग असते. कडी हातात आली की माप झाल्यावर आडव्यांपैकी एकाचा बळी द्या. ते छापताना जसं उभं होतं तसंच धरून वरून-खालून व्हाइसमध्ये हळूहळू दाबा. चांगलं छापलेलं पीईटीजी आधी अंडाकृती होतं, बरंच चेपल्यावर मग तडकतं. थोडंसं दाबताच दोन्ही कुशींना आडव्या सरळ चिरा पडल्या तर थर जुळलेले नाहीत: फिलॅमेंट ओलं होतं किंवा नोझल गार. तसं कडं दुकानदारासमोर ठेवा आणि सांधे छापण्याआधी रीळ सुकवून पुन्हा एक कडं मागून घ्या.